रेघांच्या आकृतीतून रेणुसूत्र काढताना: लपलेले कार्बन आणि हायड्रोजन मोजायची पद्धत

नाशिकला कॉलेज रोडच्या परिसरात मी बारावी आणि बी.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडची बरीच मुलं असतात, घरी द्राक्षबाग असलेली. एकदा निफाडच्या एका मुलाने मोबाइलवर सीपीपीयूची आकृती दाखवली. फोरक्लोरफेन्युरॉन हे त्याचं पूर्ण नाव. मणी फुगवण्यासाठी जीए, म्हणजे जिबरेलिक आम्लासोबत वापरतात ते. त्याने आकृतीवरून रेणुसूत्र काढलं होतं C₁₁H₁₃ClN₃O, आणि खाली छापलेलं होतं C₁₂H₁₀ClN₃O. "सर, छपाईची चूक आहे का?" असं त्याने विचारलं.

छपाई बरोबर होती. त्याचा एक कार्बन मोजायचा राहिला होता आणि तीन हायड्रोजन नको तिथे मोजले गेले होते. मला वर्षानुवर्षं याच चुका दिसतात, आणि त्यांचं कारणही एकच असतं: मुलं आकृतीकडे बघता बघता कार्बन आणि हायड्रोजन एकत्र मोजतात. या दोन कामांचा क्रम वेगळा ठेवला तर चूक होणं जवळजवळ थांबतं. म्हणून इथे सीपीपीयूचीच आकृती घेऊन सगळी पद्धत सांगतो. वही आणि पेन घेऊन बसा. नुसतं वाचून हे हातात बसत नाही.

## तयारी

दोन रंगांचे पेन लागतील, लाल आणि निळा. पुस्तकातल्या बारीक आकृतीवर खुणा करू नका, ती वहीत मोठी उतरवून घ्या. षटकोनाची एक बाजू बोटाच्या एका पेराएवढी तरी असावी, नाहीतर खुणा एकमेकींवर चढतात.

पानाच्या कोपऱ्यात चार ओळी लिहून ठेवा. कार्बनचे बंध 4, नायट्रोजनचे 3, ऑक्सिजनचे 2, हायड्रोजन आणि क्लोरीनचा 1. विद्युतप्रभार नसलेल्या साध्या रेणूंसाठी एवढंच पुरतं.

आता सीपीपीयू काढू. डावीकडे एक षटकोन काढा, टोक वर आणि टोक खाली असा उभा. त्याच्या आत एक सोडून एक अशा तीन बाजूंना दुसरी रेघ द्या. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातून एक रेघ तिरकी वर न्या आणि तिच्या टोकाला NH लिहा. NH पासून तिरकी खाली एक रेघ न्या. ती संपते तिथे कोपरा होईल, तो मोकळाच ठेवा. त्या कोपऱ्यातून सरळ खाली दुहेरी रेघ काढा आणि तिच्या टोकाला O लिहा. त्याच कोपऱ्यातून तिरकी वर एक रेघ, टोकाला पुन्हा NH. या NH पासून तिरकी खाली जाणारी रेघ दुसऱ्या षटकोनाच्या डावीकडच्या वरच्या कोपऱ्याला मिळते.

हा दुसरा षटकोनही उभाच. त्याच्या उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यावर N लिहा. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर एक रेघ, टोकाला Cl. या षटकोनात दुहेरी रेघा अशा द्या: NH जोडलेला कोपरा आणि वरचं टोक यांच्यात एक, Cl असलेला कोपरा आणि N यांच्यात एक, खालचं टोक आणि डावीकडचा खालचा कोपरा यांच्यात एक.

तपासा: दोन षटकोन, दोन NH, एक O, एक Cl, आणि षटकोनात बसलेला एक N. दुहेरी रेघा एकूण सात. यातलं काही कमी-जास्त असेल तर पुढे जाऊ नका, आकृती आधी दुरुस्त करा. गणित चुकलं असं वाटून डोकं धरणाऱ्या कितीतरी मुलांची मुळात आकृतीच चुकीची उतरलेली असते.

## 1. आधी अक्षरं

निळ्या पेनाने प्रत्येक अक्षराला गोल करा. NH ला एकच गोल, कारण तो H त्या N चाच आहे. आपल्या आकृतीत पाच गोल होतात: NH, O, NH, N, Cl.

अक्षरं आधी का, तर रेघेच्या टोकावर किंवा कोपऱ्यावर अक्षर असेल तर ती जागा भरलेली आहे. तिथे कार्बन नाही. हे आधी ठरवून टाकलं की पुढच्या टप्प्यात डोळा फसत नाही. Cl कडे जाणारी रेघ बघून "रेघेचं टोक म्हणजे कार्बन" हा नियम लावणारे असतात आणि त्यांचा एक कार्बन वाढतो. दुसऱ्या षटकोनातल्या N च्या कोपऱ्यावरही तेच होतं. षटकोन दिसला की सहा कार्बन, हे सवयीने मोजलं जातं.

काही आकृत्यांत अक्षरं म्हणजे अख्खे गट असतात. Me म्हणजे CH₃, Et म्हणजे C₂H₅, Ph म्हणजे C₆H₅. कुणी सीपीपीयूचा डावा षटकोन न काढता तिथे नुसतं Ph लिहिलेलं असू शकतं. अशा गोलाशेजारी लगेच त्याची फोड लिहा, शेवटी आठवू असं म्हणून सोडू नका.

## 2. मग कार्बन, आणि फक्त कार्बन

आता लाल पेन. ज्या कोपऱ्यावर किंवा रेघेच्या टोकावर निळा गोल नाही, तिथे लाल ठिपका द्या. प्रत्येक ठिपक्याला क्रमांक द्या. या टप्प्यात हायड्रोजनचा विचारसुद्धा करायचा नाही.

डाव्या षटकोनापासून सुरुवात करू. NH जोडलेला कोपरा 1, तिथून घड्याळाच्या दिशेने 2 ते 6. दोन NH च्या मधला मोकळा कोपरा 7. दुसऱ्या षटकोनात NH जोडलेला कोपरा 8, वरचं टोक 9, Cl असलेला कोपरा 10. पुढच्या कोपऱ्यावर N आहे, त्याला क्रमांक नाही. मग खालचं टोक 11 आणि डावीकडचा खालचा कोपरा 12.

बारा कार्बन. निफाडच्या मुलाचा राहिलेला कार्बन क्रमांक 7 होता. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, तिथे तर O आहे ना?" O आहे, पण तो दुहेरी रेघेच्या दुसऱ्या टोकाला. ज्या कोपऱ्यातून ती दुहेरी रेघ निघते तो कोपरा मोकळा आहे, म्हणजे तिथे कार्बन आहे. C=O असलेल्या जवळजवळ प्रत्येक आकृतीत हा कार्बन कुणाचा ना कुणाचा तरी राहतोच. O ची रेघ दिसली की तिचं दुसरं टोक बोटाने शोधायची सवय लावून घ्या.

सावधान, कोपरा नसलेला कार्बन: ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावतात ते हायड्रोजन सायनामाइड तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्याची आकृती अशी: डावीकडे N, त्याला तीन समांतर रेघा, त्या संपतात तिथून पुढे सरळ एकच रेघ, आणि शेवटी NH₂. सगळं एका सरळ ओळीत. कुठे कोपराच नाही, म्हणून मुलं म्हणतात की यात कार्बन नाही. पण तीन रेघांची जिथे एक रेघ होते, ती जागाच कार्बनची. त्याचे तीन बंध डावीकडच्या N शी आणि एक उजवीकडच्या N शी, मिळून चार झाले. त्याच्यावर हायड्रोजन शून्य, आणि सूत्र CH₂N₂. तिहेरी बंधाजवळचा भाग सरळ रेषेतच असतो, म्हणून तिथे वाकलेला कोपरा शोधू नका. रेघांची संख्या कुठे बदलते ते शोधा.

तपासा: ठिपके दोनदा मोजा. दुसऱ्यांदा मोजताना उलट्या टोकापासून, म्हणजे Cl च्या बाजूने सुरू करा. त्याच दिशेने पुन्हा मोजलं तर डोळा तीच चूक तशीच करतो.

## 3. प्रत्येक कार्बनवरचे हायड्रोजन

इथे सगळ्यात जास्त गडबड होते, म्हणून इथे वेळ द्या. नियम एकच: कार्बनला चार बंध हवेत. ठिपक्याला लागलेल्या रेघा मोजा, चारातून वजा करा, जेवढे उरतील तेवढे लपलेले हायड्रोजन. दुहेरी रेघ दोन मोजायची, तिहेरी तीन.

वहीत तक्ता करा आणि मनातल्या मनात करण्याचा मोह टाळा.

| कार्बन | रेघा | हायड्रोजन |
|---|---|---|
| 1 | वलयात 3, NH कडे 1 | 0 |
| 2 ते 6 | वलयात 3 | प्रत्येकी 1, एकूण 5 |
| 7 | दोन NH कडे 2, O कडे 2 | 0 |
| 8 | वलयात 3, NH कडे 1 | 0 |
| 9 | वलयात 3 | 1 |
| 10 | N कडे 2, 9 कडे 1, Cl कडे 1 | 0 |
| 11 | N कडे 1, 12 कडे 2 | 1 |
| 12 | 11 कडे 2, 8 कडे 1 | 1 |

कार्बनवरचे हायड्रोजन आठ झाले.

निफाडच्या मुलाने डाव्या षटकोनाला सहा हायड्रोजन दिले होते आणि उजव्याला पाच. म्हणजे "वलयातल्या प्रत्येक कार्बनला एक हायड्रोजन" असा स्वतःचाच नियम त्याने करून घेतला होता. तो नियम बेंझिनपुरता खरा आहे, कारण बेंझिनच्या कोपऱ्यांना बाहेरून काहीच जोडलेलं नसतं. वलयातून बाहेर रेघ निघाली की त्या कोपऱ्याचा चौथा बंध त्या रेघेने घेतला, तिथला हायड्रोजन गेला. सीपीपीयूत अशा तीन जागा आहेत: 1, 8 आणि 10. याच तीन हायड्रोजनमुळे त्याचे दहाचे तेरा झाले.

कधी कधी षटकोनात तीन दुहेरी रेघांऐवजी आत एक वर्तुळ काढलेलं असतं. मग मुलं वर्तुळ बंधांत धरतच नाहीत, प्रत्येक कोपऱ्याला दोनच रेघा मोजतात आणि दोन-दोन हायड्रोजन देऊन मोकळी होतात. वर्तुळ असेल तर षटकोनातल्या प्रत्येक कार्बनचे वलयातले बंध तीन धरा. किंवा सरळ वर्तुळ खोडून तीन दुहेरी रेघा काढा. मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

सावधान, रेघेची टोकं: सीपीपीयूत अक्षराशिवाय संपणारी रेघ नाही, पण बहुतेक आकृत्यांत असते. एकेरी रेघ मोकळी संपली तर टोकाला एक बंध आहे, म्हणजे CH₃. दुहेरी रेघ मोकळी संपली तर टोकाला दोन बंध आहेत, म्हणजे CH₂. "टोक म्हणजे CH₃" असं पाठ केलेलं असेल तर ते पुसून टाका आणि दर वेळी चारातून वजा करा.

## 4. अक्षरांवरचे हायड्रोजन

लपवायची मुभा फक्त कार्बनवरच्या हायड्रोजनला आहे. नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक यांच्यावरचे हायड्रोजन लिहूनच दाखवतात. म्हणून निळ्या गोलांत जेवढे H दिसतात तेवढेच घ्यायचे. आपल्याकडे दोन NH आहेत, म्हणजे दोन हायड्रोजन.

वलयातल्या N वर H लिहिलेला नाही. त्याचे बंध मोजून खात्री करा: Cl असलेल्या कार्बनकडे दोन, खालच्या कार्बनकडे एक, एकूण तीन. नायट्रोजनची गरज भागली. इथे "N आहे म्हणजे NH असणार" असं म्हणून एक हायड्रोजन चिकटवणारे बरेच असतात.

अक्षरांचे बंध मोजण्याचा आणखी एक उपयोग आहे. एखाद्या N ला दोनच एकेरी रेघा आहेत, H लिहिलेला नाही आणि प्रभारही दाखवलेला नाही, असं दिसलं तर उतरवताना तुमच्याकडून काहीतरी सुटलं आहे. मूळ आकृती पुन्हा पाहा. बऱ्याचदा H हा N च्या शेजारी न लिहिता त्याच्या खाली किंवा वर लिहिलेला असतो आणि उतरवताना राहून जातो.

आता बेरीज. कार्बन 12. हायड्रोजन 8 आणि 2 मिळून 10. क्लोरीन 1. नायट्रोजन दोन NH चे आणि एक वलयातला, मिळून 3. ऑक्सिजन 1. लिहिताना आधी C, मग H, आणि बाकीची मूलद्रव्यं इंग्रजी वर्णक्रमाने: C₁₂H₁₀ClN₃O.

## 5. उत्तर पडताळणं

उत्तर मागच्या पानावर छापलेलं नसेल तर ते बरोबर आहे हे कसं कळणार? दोन पडताळण्या आहेत. पहिलीला काही सेकंद लागतात, दुसरीला एखादं मिनिट.

सम-विषम. हायड्रोजन, क्लोरीनसारखे हॅलोजन आणि नायट्रोजन यांच्या संख्यांची बेरीज करा. प्रभार नसलेल्या नेहमीच्या रेणूत ती सम यायला हवी. ऑक्सिजन आणि गंधक धरायचे नाहीत. आपलं उत्तर: 10 + 1 + 3 = 14, सम आहे. निफाडच्या मुलाचं: 13 + 1 + 3 = 17, विषम. म्हणजे छापील उत्तर न बघताही त्याला लगेच कळलं असतं की आपलंच चुकलंय. वलयातल्या N ला चुकून दिलेला एक हायड्रोजनही इथेच सापडतो, कारण बेरीज 15 होते.

डीबीई, म्हणजे डबल बॉन्ड इक्विव्हॅलंट. एकाच वेळी दोन हायड्रोजन जास्त झाले तर सम-विषम गप्प बसतं. त्यासाठी वलयं आणि जास्तीचे बंध यांचा मेळ बघायचा. सूत्रावरून काढायचं ते असं:

```
DBE = (2C + 2 + N - H - X) / 2
```

इथे X म्हणजे हॅलोजन. सीपीपीयूसाठी 24 + 2 + 3 − 10 − 1 = 18, अर्धे 9. आता तोच आकडा सूत्राकडे न बघता आकृतीवरून काढा: प्रत्येक वलयाचा 1, प्रत्येक दुहेरी बंधाचा 1, तिहेरी बंधाचे 2. दोन वलयं आणि सात दुहेरी बंध, मिळून 9. दोन्ही आकडे जुळले.

समजा कार्बन 1 आणि 8 वर चुकून एकेक हायड्रोजन दिला असता, तर सूत्र C₁₂H₁₂ClN₃O झालं असतं. सम-विषम पास: 12 + 1 + 3 = 16. पण डीबीई 8 येतो आणि आकृती 9 सांगते. सापडली चूक. कार्बन 7 एकटा राहिला असता, म्हणजे C₁₁H₁₀ClN₃O, तरी डीबीई 8 च येतो.

या पडताळणीची एक मर्यादा आहे, ती माहीत नसेल तर खोटा विश्वास बसतो. नागमोडी साखळीतला एक CH₂ चा कोपरा मोजायचा राहिला, तर एक कार्बन आणि दोन हायड्रोजन एकदम कमी होतात आणि सूत्रातला आकडा जसाच्या तसा राहतो. दोन्ही पडताळण्या पास, उत्तर मात्र चूक. टोकाच्या CH₃ ला नुसता H समजलं तरी हेच होतं. म्हणून लांब साखळी असलेल्या रेणूत कार्बन उलट्या दिशेने पुन्हा मोजणं टाळता येत नाही. रेणुभार माहीत असेल तर त्याच्याशी ताडून बघा. तुमचा आकडा 14 ने कमी आला की एक CH₂ हरवला आहे असं समजा. सीपीपीयूचा रेणुभार 247.68 आहे.

संगणक हाताशी असेल तर पबकेमच्या शोधचौकटीत खालची ओळ टाका. तीच आकृती आणि सूत्र समोर येईल.

```
Clc1cc(NC(=O)Nc2ccccc2)ccn1
```

हे आधी करू नका. हाताने काढलेलं उत्तर वहीत लिहिल्यावरच करा.

## जिथे वेगळी काळजी लागते

चिकटलेली वलयं. बागेत "सिक्स बीए" म्हणतात त्याची आकृती घ्या. एक बेंझिनचा षटकोन, त्यातून एक रेघ मोकळ्या कोपऱ्याकडे, तिथून NH, आणि NH पुढे षटकोनाला पंचकोन चिकटलेली जोडी. षटकोनाचे सहा आणि पंचकोनाचे पाच म्हणून अकरा कोपरे मोजाल तर फसाल. एक बाजू दोघांची सामाईक आहे, म्हणून कोपरे नऊच. त्यातले चार नायट्रोजन, पाच कार्बन. सामाईक बाजूची दोन्ही टोकं कार्बन आहेत, प्रत्येकाला तीन शेजारी आणि त्यातली एक रेघ दुहेरी. चार बंध पूर्ण झाले, हायड्रोजन शून्य. NH जोडलेल्या कार्बनवरही शून्य. उरलेल्या दोन कार्बनांवर एकेक. पंचकोनातल्या एका N वर H लिहिलेला असतो, तो विसरू नका.

मोजून बघा: बेंझिनच्या वलयावर 5, मधल्या कोपऱ्यावर 2, NH चा 1, चिकटलेल्या जोडीतल्या कार्बनांवर 2, तिथल्या N वर 1, एकूण 11. सूत्र C₁₂H₁₁N₅. सम-विषम 11 + 5 = 16. डीबीई 10, आणि आकृतीत तीन वलयं, सात दुहेरी बंध.

एकमेकींवरून जाणाऱ्या रेघा. कापराच्या रेणूत वलयावर पूल टाकल्यासारखी रचना आहे. ती खोली दाखवून काढली की पुढची रेघ मागच्या रेघेवरून जाते आणि फुलीसारखं दिसतं. त्या फुलीवर कार्बन नाही. चांगल्या छपाईत मागची रेघ तिथे जराशी तुटलेली दाखवतात, हाताने काढलेल्या आकृतीत ती तुटलेली नसतेही. ओळखायचं कसं? पेनाची टोपी एका रेघेवरून फिरवा. ती न वळता दुसऱ्या बाजूला तशीच पुढे जात असेल आणि दुसरी रेघही तशीच सरळ जात असेल, तर बहुधा नुसतं ओलांडणं आहे. मग तिथे ठिपका न देता सूत्र काढा आणि डीबीईवर सोडा. कापूर C₁₀H₁₆O आहे, डीबीई 3. फुलीवर कार्बन धरला तर C₁₁H₁₆O होतं आणि डीबीई 4 येतो.

पण पूल असलेल्या रेणूत वलयं किती, हे आकृतीवरून ठरवताना वाद होतात. डोळ्याला तीन वलयं दिसतात. त्यासाठी सोपा उपाय: कमीत कमी किती रेघा कापल्या की एकही बंद वलय उरणार नाही, तेवढी वलयं. कापरात दोन कापल्या की सगळं उलगडतं. दोन वलयं आणि एक C=O, म्हणून 3.

जाड आणि तुटक पाचर. द्राक्षात असतं ते टार्टारिक आम्ल घ्या: चार कार्बनांची नागमोडी, दोन्ही टोकांना C=O आणि OH, मधल्या दोन कार्बनांवर एकेक OH. हे मधले OH कधी भरीव पाचरीने तर कधी तुटक पाचरीने जोडलेले दाखवतात. पाचर म्हणजे तो बंध कागदाच्या पुढे येतो की मागे जातो एवढंच. मोजताना ती एकच रेघ. मधल्या प्रत्येक कार्बनला तीन रेघा, म्हणून प्रत्येकी एक लपलेला हायड्रोजन. चार OH चे चार मिळवले की सहा होतात, C₄H₆O₆.

आता तीच आकृती कुणी मधल्या कार्बनवर H सुद्धा तुटक पाचरीने लिहून काढली, तर काय होतं? रेघा चार झाल्या, लपलेला शून्य, लिहिलेला एक. बेरीज तीच. मुलं मात्र लिहिलेला H मोजतात आणि "इथे एक लपलेलाही असतो" म्हणून आणखी एक देतात. H दिसला की त्यालाही निळा गोल करा, म्हणजे तो रेघांच्या मोजणीत आपोआप येतो.

## सरावाला एक अवघड आकृती

जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल. आकृती मोठी करून उतरवा आणि वरच्याच क्रमाने चला. यात एकमेकांना जोडलेली कार्बनची चार वलयं आहेत, शिवाय ऑक्सिजनमधून जाणारं एक. बऱ्याच कोपऱ्यांवर पाचरी आहेत आणि काही ठिकाणी H लिहून दाखवलेले असतात. उत्तर C₁₉H₂₂O₆ यायला हवं. डीबीई 9: पाच वलयं, दोन C=C, दोन C=O.

हायड्रोजन 23 आले असतील तर सम-विषम तिथेच अडवेल, कारण या रेणूत नायट्रोजनही नाही आणि हॅलोजनही नाही. मग वलयाबाहेर मोकळी संपणारी दुहेरी रेघ शोधा. तिच्या टोकाला तुम्ही CH₃ दिला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. तिथे CH₂ आहे.